हमी भाड्याची, पण सही कोणाची?

बार्देशात शिवोली, आसगाव, हणजूण या पट्ट्यात रस्त्यालगत उभ्या असलेल्या फलकांवर फ्लॅटच्या किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत एक टक्केवारी छापलेली दिसते. आठ टक्के, नऊ टक्के, कुठे बारा टक्केसुद्धा. फ्लॅट तुमचा, पाहुणे आम्ही आणू, साफसफाई आम्ही करू, तुम्हाला दर महिन्याला ठरलेलं भाडं मिळेल, असा एकंदर मजकूर. याला बाजारात ‘अ‍ॅश्युअर्ड रेंटल’ किंवा ‘लीज बॅक’ म्हणतात. आयुष्यभराची बचत एकरकमी हातात आलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण या योजनेत आपण नेमकं काय विकत घेतो आणि पैसे थांबले तर कायद्याच्या कोणत्या दारात उभे राहतो, हे सही करण्याआधी फार थोडे लोक पाहतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण प्रस्तावाची घडण अशीच असते. फोंड्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना शिवोलीजवळ बांधकाम सुरू असलेला वन बीएचके 90 लाखांना सांगितला जातो. ताबा मिळाल्यापासून तीन वर्षं दरसाल नऊ टक्के भाड्याची हमी. म्हणजे वर्षाला 8 लाख 10 हजार, महिन्याला 67,500. सर 30 लाख स्वतःचे घालतात आणि 60 लाखांचं कर्ज काढतात. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता साधारण 52,000 येतो. विक्री प्रतिनिधी कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवतो आणि म्हणतो, “सर, हप्ता भाड्यातूनच जाईल, वर पंधरा हजार उरतील.” (10 टक्के टीडीएस कापल्यावर हातात 60,750 येतात, म्हणजे आठ-नऊ हजारच उरतात. पण तो तपशील त्या कागदावर नसतो.)

आता त्याच गावात, तेवढ्याच क्षेत्रफळाचा, हमी नसलेला फ्लॅट कितीला मिळतो हे विचारायचं. समजा 70 लाखांना मिळतो. मग हा फ्लॅट पर्यटकांना भाड्याने देऊन खरोखर किती मिळतील? वर्षाला दीडशे रात्री भरल्या आणि रात्रीला सरासरी 4,000 मिळाले, तर सहा लाख जमतात. बुकिंग वेबसाइटचं कमिशन, चादरी-टॉवेलांची धुलाई, वीज, केअरटेकर, सोसायटीचा देखभाल खर्च आणि पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी यांत निम्मे गेले असं धरू. हातात तीन लाख उरतात.

म्हणजे कबूल केलेल्या 8 लाख 10 हजारांपैकी 3 लाख फ्लॅट कमावतो आणि उरलेले 5 लाख 10 हजार दुसरीकडून यावे लागतात. तीन वर्षांत हा खड्डा 15 लाख 30 हजारांचा होतो. आणि सरांनी बाजारभावापेक्षा जास्त दिलेले पैसे आहेत 20 लाख. हमी अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत पाळली, तरी बिल्डरकडे त्या जादा रकमेतले 4 लाख 70 हजार उरतात. सरांना त्यांचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळाले, त्यावर टीडीएस कापला गेला आणि चढ्या किमतीवर मुद्रांक शुल्कही भरावं लागलं. चौथ्या वर्षापासून मिळणार ते तीन लाखच, म्हणजे 90 लाखांवर जेमतेम सव्वातीन टक्के.

हे झालं सरळ वागणाऱ्या बिल्डरचं. किंमत फुगवलेली नसेल, तर तो खड्डा नव्या ग्राहकांच्या बुकिंगच्या पैशातून भरला जातो, आणि बुकिंग मंदावलं की भाडं थांबतं. म्हणून फ्लॅट पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न टक्केवारीचा नसावा. ‘हीच योजना न घेता फ्लॅट घेतला तर किंमत किती?’ हे विचारावं. अनेकदा उत्तरात लगेच मोठी सवलत मिळते, आणि हमीची खरी किंमत तिथेच कळते.

दोन कागद, दोन कंपन्या

पैशांचं गणित समजलं तरी खरी अडचण कागदांत असते. सरांच्या हातात दोन करार येतात. पहिला विक्री करार. तो सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात नोंदवलेला असतो, त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं असतं आणि बिल्डरची सही असते. दुसरा कागद एमओयू किंवा लीज करार. तो पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर असतो, फार तर नोटरीचा शिक्का असतो. भाड्याची सगळी हमी या दुसऱ्या कागदात असते.

त्या दुसऱ्या कागदाच्या शेवटच्या पानावर सही कोणाची आहे ते पाहा. बहुतेक वेळा बिल्डरची नसते. ‘हॉस्पिटॅलिटी’ असं काही नावात असलेल्या वेगळ्या कंपनीची असते. लोगो सारखाच, कार्यालय तेच, संचालकही कदाचित तेच, पण कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती. तिने भाडं थकवलं तर बिल्डर शांतपणे सांगू शकतो की मी फ्लॅट विकला, ताबा दिला, माझं काम संपलं. mca.gov.in वर त्या कंपनीचं नाव शोधलं तर तिचं भरणा झालेलं भांडवल दिसतं. ते एक लाख रुपये असेल आणि तिने पन्नास फ्लॅटधारकांना वर्षाला आठ-आठ लाख द्यायचं कबूल केलं असेल, तर त्या शब्दामागे काय उभं आहे हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट नोंदणीची. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करणं 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 नुसार सक्तीचं आहे. नोंदवला नाही, तर कलम 49 आड येतं. तो कागद भाडं किती आणि मुदत किती ठरली होती हे सिद्ध करायला पुरावा म्हणून चालत नाही, ताब्यासारख्या आनुषंगिक बाबींपुरताच पाहिला जातो. मुद्रांक कमी भरलेला असेल तर तो आधी दंडासह भरावा लागतो. तीन वर्षांची हमी पाचशेच्या स्टॅम्पवर घेणारा माणूस नोंदणीचा खर्च वाचवतो आणि भांडण झालं की त्याचा मुख्य कागदच लंगडा पडतो.

तिसरी गोष्ट विक्री करारातलं एक कलम. त्यात लिहिलेलं असतं की हाच संपूर्ण करार आहे आणि याआधीची पत्रकं, आश्वासनं, चर्चा रद्द समजाव्यात. फलकावरच्या नऊ टक्क्यांचा उल्लेख करारात कुठेच नसेल, तर बिल्डर या कलमाकडे बोट दाखवतो. अशा वेळी रेरा कायद्याचं कलम 12 कामाला येतं. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसेही परत मागता येतात. पण त्यासाठी ती जाहिरात तुमच्याकडे जपलेली हवी. फलकाचा तारखेसह फोटो, माहितीपत्रकाची प्रत, विक्री प्रतिनिधीचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि ईमेल, हे सगळं विक्री कराराच्याच फाइलमध्ये ठेवावं.

या तिन्ही गोष्टींवर एकच उपाय सगळ्यात परिणामकारक आहे. भाड्याची हमी नोंदणीकृत विक्री करारातच परिशिष्ट म्हणून घालून घ्यायची, आणि भाडं देणारी कंपनी वेगळी असेल तर बिल्डरने स्वतः जामीनदार म्हणून सही करायची. ही मागणी ठेवली की समोरच्याचा चेहरा बदलतो. “आमचा करार रेराने ठरवलेल्या नमुन्यातला आहे, त्यात बदल करता येत नाही,” असं उत्तर मिळेल. ते खरं नाही. नमुना करारात कायद्याला विसंगत नसलेल्या जादा अटी घालता येतात. बिल्डर तरीही नकार देत असेल, तर आपली हमी त्याला स्वतःलाच किती खात्रीची वाटते याचा अंदाज तिथे येतो.

कायद्यापुढे तुम्ही कोण?

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो अगदी अलीकडे बदलला आहे. आपण घर घेतलं म्हणून घर घेणाऱ्याला मिळणारं सगळं संरक्षण आपल्यालाही आहे, असं सर गृहीत धरतात. हमी परताव्याचा कागद मात्र त्यांना हळूहळू घरखरेदीदाराकडून गुंतवणूकदाराकडे ढकलत असतो.

दिवाळखोरीच्या कायद्यापासून सुरुवात करू. 2017 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने म्हटलं होतं की दरमहा ठरलेला परतावा मिळणारा खरेदीदार हा बिल्डरला पैसे उधार देणाऱ्यासारखा, म्हणजे वित्तीय धनको आहे. त्या प्रकरणात बिल्डरने स्वतःच्या हिशेबात हा परतावा वित्तीय खर्च म्हणून दाखवला होता. पुढे 2018 च्या दुरुस्तीने सर्वच घरखरेदीदारांना तो दर्जा मिळाला. 2020 मध्ये अट आली की दिवाळखोरीचा अर्ज करायला त्याच प्रकल्पातले किमान शंभर किंवा एकूण दहा टक्के खरेदीदार एकत्र यावेत. गोव्यातल्या चाळीस फ्लॅटच्या प्रकल्पात चार जण जमले तरी पुरे, त्यामुळे इथल्या लोकांना तो मार्ग सोपा वाटायचा. अर्ज मुंबईच्या न्यायाधिकरणात करायचा.

सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता बराच अरुंद केला. ज्याला घराचा ताबा नको होता, ज्याने हमी परताव्यासाठी किंवा बिल्डरने फ्लॅट ठरलेल्या किमतीला परत विकत घ्यावा या अटीवर पैसे घातले, तो सट्टेबाज गुंतवणूकदार आहे आणि त्याला दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. कोण सट्टेबाज आणि कोण खरा खरेदीदार हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावरून ठरतं. कराराचं स्वरूप काय, किती फ्लॅट घेतले, ताबा घेण्याचा हेतू दिसतो का, हमी परतावा किंवा पुनर्खरेदीचं कलम आहे का, हे पाहिलं जातं. रेरा, ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय हे मार्ग न्यायालयाने बंद केलेले नाहीत. तरी जो कागद सरांना आपली ढाल वाटत होता, तोच एका ठिकाणी त्यांच्या विरोधातला पुरावा ठरू शकतो.

ग्राहक आयोगातही असाच प्रश्न निघतो. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे. निवृत्त माणसाने एक फ्लॅट उत्पन्नासाठी घेतला, तर तो व्यापारी ठरतोच असं नाही, पण बिल्डरचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढणार. तीन-चार स्टुडिओ एकदम घेतलेल्याला तो जास्त जड जातो.

मग उरतं रेरा. सरांसाठी हाच सगळ्यात जवळचा दरवाजा आहे, गोवा रेराचं कार्यालय पणजीतच आहे. पण हमी भाडं वसूल करून देणं हे रेराचं काम आहे का, यावर देशात एकमत होतं असं नाही. हरियाणाच्या रेराने 2018 मध्ये एका प्रकरणात हात झटकले होते आणि नंतर भूमिका बदलून असा परतावा द्यायला लावला. तिथल्या एका विकासकाने तर असा बचाव केला की अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आल्यामुळे परतावा देणंच बेकायदा झालं, म्हणून आम्ही तो थांबवला. तो बचाव मान्य झाला नाही. स्थावर मालमत्तेपोटी घेतलेली आगाऊ रक्कम त्या मालमत्तेच्या किमतीत वळती होत असेल, तर तो कायदा तिला ठेव मानत नाही. पण फ्लॅट नावापुरता आणि करारात मुदतीनंतर पैसे परत करण्याचीच भाषा असेल, तर ती ठेव ठरण्याचा धोका आहे, आणि अशी ठेव स्वीकारणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. बिल्डर तुरुंगात गेल्याने तुमचं भाडं सुरू होत नाही, हेही लक्षात घ्यावं.

इथे एक खूण सांगतो, ती घरबसल्या तपासता येते. ताबा मिळण्याआधीच, बुकिंगच्या दिवसापासून परतावा सुरू होत असेल, तर तो भाडं असूच शकत नाही. उभ्या नसलेल्या खोलीला भाडेकरू कुठला? आयकराच्या तुमच्या 26एएस उताऱ्यात बिल्डरने टीडीएस भाड्यापोटी कापलाय की व्याजापोटी, ते पाहा. व्याजापोटी कापला असेल, तर त्याच्या वहीत तुम्ही सावकार आहात. शिवाय घरभाड्याच्या उत्पन्नावर मिळणारी तीस टक्क्यांची प्रमाणित वजावट त्या रकमेला मिळत नाही.

फ्लॅट भाड्याने देता येतो का?

गोव्यात हा प्रश्न वेगळा उभा राहतो. पर्यटकांना राहायला खोली द्यायची तर 1982 च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, खासगी फ्लॅटलाही. कंपनी ती कोणाच्या नावाने करणार, दंड झाला तर कोण भरणार, हे दुसऱ्या कागदात लिहिलेलं नसतं. इमारतीला निवासी परवाना असेल आणि पुढे सोसायटीतल्या कायम राहणाऱ्या कुटुंबांनी रोजच्या पाहुण्यांवर हरकत घेतली, तर कंपनीला ‘आमच्या नियंत्रणाबाहेरचं कारण’ हे कलम पुढे करून भाडं थांबवायला निमित्त मिळतं. ते कलम वाचताना त्यात सरकारी परवाना न मिळणं हे कारण घातलंय का, एवढं नक्की बघावं. परवाना आणणं हे त्यांचंच काम असताना त्याचा अभाव त्यांना सूट देणारा ठरू नये.

हमी ‘ताब्यापासून’ सुरू होणार असेल, तर ताबा म्हणजे काय हेही ठरवून घ्यावं. पंचायतीचा किंवा पालिकेचा ऑक्युपन्सी दाखला नसताना दिलेल्या चाव्या म्हणजे ताबा नव्हे. दाखल्याला दीड वर्ष लागलं तर दीड वर्ष भाडं नाही आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. एक तारीख लिहून घ्यावी, त्या तारखेपासून दाखला असो वा नसो, पैसे सुरू.

सहा-सात व्हिलांच्या छोट्या प्रकल्पांबाबत आणखी जपावं. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक rera.goa.gov.in वर पडताळता येतो, इथे तसं पाहायला काहीच नसतं. अशा ठिकाणी सनद, एक-चौदाचा उतारा आणि त्यातल्या इतर हक्कांच्या रकान्यातली कुळ-मुंडकारांची नावं वकिलाकडून तपासल्याशिवाय भाड्याच्या टक्क्यांबद्दल बोलणंच सुरू करू नये.

पैसे थांबले तर

भाडं एकदम बंद होत नाही. आधी उशीर होतो, मग अर्धं येतं, मग ‘सीझन सुरू होऊ दे’ असं उत्तर येतं. या काळात सर थांबतात, आणि नेमकं तेच महागात पडतं. थकलेल्या प्रत्येक हप्त्यासाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि ती त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजली जाते. कंपनीने मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली की एवढी रक्कम देणं आहे, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करून थकबाकीचा आकडा लिहावा आणि त्यांच्याकडून लेखी उत्तर मागावं.

कंपनीने पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर ते तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावेत. ‘आता टाकू नका, खात्यात नाहीत’ असं सांगितल्यावर चेक कपाटात राहतो आणि बाद होतो. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवायची, ती मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची. यातली एक तारीख चुकली तरी तो मार्ग अवघड होतो.

आणि फ्लॅटचा ताबा. भाडं थांबलेलं असतानाही कंपनी तुमच्या फ्लॅटमध्ये पाहुणे उतरवत राहते, असं घडतं. करारात सलग दोन हप्ते थकले तर करार आपोआप संपेल आणि कंपनी सात दिवसांत चाव्या, फर्निचरची यादी आणि पुढच्या बुकिंगची माहिती देईल, हे कलम सही करतानाच घालून घ्यावं. ते असेल तर नोटीस पाठवून मुदत संपल्यावर चाव्या लेखी पोचपावतीसह मागायच्या, पर्यटन खात्याला कळवायचं की या फ्लॅटसाठी त्या कंपनीला आता आपली संमती नाही, आणि सोसायटीच्या गेटवरही तेच पत्र द्यायचं. महिन्याला पंचवीस हजारांनी का होईना, तो फ्लॅट वर्षभराच्या साध्या भाडेकरूला दिला तर बँकेच्या हप्त्याचा निम्मा भार उतरतो, आणि थकबाकीचं भांडण चालू ठेवायला सरांना वेळ मिळतो.